राजीनाम्याच्या मेलमधलं रोस्टर

आयसीयूमधली सिस्टर शिकायला निघते तेव्हा तिच्या राजीनाम्याचा मेल उघडून मेट्रन सगळ्यात आधी शेवटच्या दिवसाची तारीख शोधते, आणि लगेच तिची नजर ड्यूटी रोस्टरकडे जाते. आभाराची वाक्यं ती नंतर वाचते. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक सिस्टर लागते, आणि ती तिन्ही पाळ्यांना लागते. दुसऱ्या दिवशी नवी सिस्टर मिळाली, तरी तिला व्हेंटिलेटरचा रुग्ण एकटीवर सोपवता येत नाही. आधी काही दिवस ती जुन्या सिस्टरच्या हाताखाली काम करते. म्हणून हॉस्पिटलशी संबंध चांगले ठेवून निघायचं असेल तर मेलमधल्या तारखा आणि पाळ्या नीट जुळवणं हे पहिलं काम आहे. गोड शब्दांनी रिकामी नाइट भरत नाही.

अडचण अशी की कॉलेजचा प्रवेश नोटीस पीरियडसाठी थांबत नाही. एक उदाहरण घेऊ. खासगी हॉस्पिटलमधल्या एका सिस्टरच्या नेमणूकपत्रात ३० दिवसांची नोटीस लिहिली आहे. प्रवेशफेरीत ३ ऑगस्टला तिला जागा मिळाली आणि वर्ग सुरू होतात २५ ऑगस्टला. तिनं ४ तारखेला मेल पाठवला आणि २२ तारखेपर्यंत काम केलं, तर नोटिशीचे १९ दिवस भरतात, ११ कमी पडतात. शिल्लक हक्काची रजा ७ दिवसांची आहे. ती धरली तरी ४ दिवस उरतात. त्यात ऑगस्टचं रोस्टर जुलैच्या शेवटीच लागलेलं, आणि २३ ते २८ तिच्या नाइट.

जागा पक्की होण्याआधी राजीनामा देणं धोक्याचं, कारण पहिल्या फेरीत नाव आलं नाही तर नोकरीही जाते. यावर मला एकच वाट योग्य वाटते: प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की इन्चार्ज सिस्टरना तोंडी सांगायचं, आणि जागा पक्की झाली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मेल करायचा. इन्चार्जना ही बातमी एचआरकडून कळली, तर मन तिथंच दुखावतं. सांगायची वेळही बघावी. सकाळचं ओव्हर चालू असताना किंवा राऊंडच्या गडबडीत नको. राऊंड आटोपून वॉर्ड जरा निवला की बोलावं.

मग मेल. मेट्रन मॅडमना, इन्चार्ज आणि एचआरला प्रत, आणि स्वतःच्या खासगी पत्त्यावरही एक, कारण हॉस्पिटलचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो.

“विषय: राजीनामा – स्टाफ नर्स, आयसीयू – शेवटचा दिवस २२ ऑगस्ट

आदरणीय मॅडम,

मला एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला असून वर्ग २५ ऑगस्टला सुरू होत आहेत. त्यामुळे मी स्टाफ नर्स पदाचा राजीनामा देत आहे. २२ ऑगस्ट हा माझा शेवटचा दिवस धरावा, ही विनंती.

नोटिशीचे ११ दिवस कमी पडतात. माझी शिल्लक ७ दिवसांची रजा त्यात धरता आली तर बरं होईल. उरलेल्या ४ दिवसांबाबत हॉस्पिटलचा नियम मला मान्य आहे.

२३ ते २८ माझ्या नाइट आहेत. दोन सहकारी त्या वाटून घ्यायला तयार आहेत. त्यांच्या १२ ते १७ च्या नाइट मी करेन. आपली मंजुरी मिळाली तरच हा बदल धरावा.

संसर्ग नियंत्रणाची रोजची नोंद कोणाकडे सोपवायची ते कृपया सांगावं. मी त्यांना आठवडाभर सोबत घेऊन शिकवेन.

प्रवेशासाठी आजपर्यंतच्या सेवेचं अनुभव प्रमाणपत्र ७ ऑगस्टपर्यंत मिळावं.

व्हेंटिलेटरचा रुग्ण सांभाळायला मी याच आयसीयूत शिकले. पहिल्या नाइटला आपण स्वतः येऊन माझ्या रुग्णाचं सक्शन पाहिलं होतं, ते मी विसरलेले नाही.

आपली नम्र”

यातली शेवटची दोन वाक्यं पाहा. ती दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलला पाठवता येणार नाहीत. तयार नमुन्यातलं ‘आपल्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल ऋणी’ कुणालाही चालतं, म्हणून ते कुणालाच पोचत नाही. घडलेला एखादा छोटा प्रसंग लिहावा, तोही खरा. रुग्णाचं नाव किंवा ओळख पटेल असा तपशील मात्र त्यात येऊ देऊ नये.

रजेचं वाक्य विनंतीचं आहे, तेही मुद्दाम. काही हॉस्पिटलं नोटिशीत रजा धरतात, काही धरत नाहीत. नाइटच्या बदलातही मंजुरी मॅडमवर सोपवली आहे. आपापसात ठरवून फक्त कळवलं, तर मदत केलेली असूनही डावलल्यासारखं वाटतं.

अनुभव प्रमाणपत्राची ओळ बऱ्याच जणी विसरतात. बी.एस्सी. करून आलेल्या सिस्टरला एम.एस्सी. नर्सिंगसाठी भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमाप्रमाणे किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, त्यामुळे हा कागद प्रवेशाच्या वेळीच हवा असतो. अंतिम प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र मात्र शेवटच्या दिवसानंतर, सगळ्या विभागांचे ‘येणे बाकी नाही’चे शेरे मिळाल्यावर निघतं. म्हणून कागद दोनदा मागायचे असतात. रुजू झाल्याची तारीख, पद आणि विभाग हे सही व्हायच्या आधीच तपासावं. नेमणुकीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं हॉस्पिटलकडे दिली असतील तर तीही याच मेलमध्ये मागावीत, कारण कॉलेज मूळ कागद बघितल्याशिवाय प्रवेश पक्का करत नाही.

तक्रारी या मेलमध्ये नकोत. सलग नाइट, अपुरा स्टाफ, न मिळालेले ऑफ हे सगळं खरं असतं आणि ते सांगायलाच हवं, कारण मागे राहणाऱ्या सिस्टरना तेच भोगायचं आहे. पण ते समोर बसून सांगावं. राजीनामा फाइलला लागतो, आणि पुढे ती फाइल उघडणारा माणूस त्या दिवशी तिथं नसतो.

संसर्ग नियंत्रणाच्या नोंदीबद्दल थोडं सांगायला हवं. आयसीयूत आज किती रुग्ण व्हेंटिलेटरवर आहेत, हे रोज ठरल्या वेळी मोजून लिहितात. महिन्याची बेरीज म्हणजे व्हेंटिलेटर-दिवस, आणि दर हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे किती जणांना त्यामुळे न्यूमोनिया झाला, यावरून विभागाचं काम जोखतात. बेरजेतून चार दिवस गळले तर भागायचा आकडा लहान होतो आणि दर उगाच वाढलेला दिसतो. जाणाऱ्या सिस्टरनं वही नुसती टेबलावर ठेवली, तर हे नेमकं घडतं. शिकवून दिली तर घडत नाही. मादक औषधांच्या कपाटाची किल्ली हातात असेल तर नोंदवही आणि प्रत्यक्ष साठा दोघींनी मिळून मोजून सह्या कराव्यात.

सरकारी नोकरीतल्या सिस्टरचा मार्ग वेगळा आहे. तिला ना हरकत पत्र आणि अध्ययन रजेचे नियम आधी पाहायचे असतात. राजीनामा देण्याची गरजच पडत नाही, असंही होतं.

खासगीतली सिस्टर मात्र पुन्हा या दारी येण्याची शक्यता बरीच असते. एम.एस्सी.साठी प्रबंध लिहावा लागतो, आणि त्याची माहिती एखाद्या हॉस्पिटलमध्ये जाऊन गोळा करायची असते. त्यासाठी आचारसमितीची मान्यता आणि त्या हॉस्पिटलची लेखी परवानगी हवी असते. ओळख असलेला आयसीयू सगळ्यात सोयीचा, म्हणून परवानगीचा अर्ज अनेकदा त्याच मेट्रनच्या टेबलावर जातो. त्या अर्जात विद्यार्थिनीनं पूर्वी तिथं कोणत्या वर्षी, कोणत्या विभागात काम केलं ते लिहावं, माहिती कोणत्या पाळीत घेणार तेही लिहावं, आणि ओव्हरची वेळ त्यातून वगळावी.