जांभळा शाम्पू म्हणजे केसांची नीळ! आठवड्यातून एकदाच वापरा, नाहीतर पांढरे केस होतील जांभळट

लग्नसराई आली की तालुक्याच्या सलूनमध्ये पोरांची गर्दी होते, कुणाला सोनेरी बटा हव्या असतात तर कुणाला चंदेरी. त्यातच आता जांभळ्या शाम्पूची बाटली घराघरात दिसू लागली आहे. पिकलेल्या केसांचे आजोबाही ती वापरतात. पण ती नेमकी कशासाठी असते हे अनेकांना माहीत नसल्याने फजिती होते.

हा शाम्पू करतो काय?

पांढरं धोतर जुनं झालं की पिवळट दिसतं. मग आपण शेवटच्या पाण्यात नीळ टाकतो. त्याने पिवळेपणा निघून जात नाही, निळसर छटेखाली तो डोळ्याला दिसेनासा होतो. जांभळ्या शाम्पूचं कामही तसंच आहे. जांभळा रंग पिवळ्याच्या विरुद्ध असल्याने तो पिवळी छटा दाबतो. म्हणजे हा शाम्पू केस गोरे करत नाही, फक्त वरून हलका रंग चढवतो. (कपड्याची नीळ मात्र केसाला लावू नका, ती त्यासाठी नाही.)

कोणत्या केसांवर चालतो?

केस पांढरे, चंदेरी किंवा केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिकट पिवळे असतील तरच. आपले मूळ केस काळे. ब्लीच केल्यावर ते आधी तांबूस, मग नारिंगी आणि शेवटी पिवळे होतात. बऱ्याच पोरांचे केस एका बैठकीत नारिंगीवरच थांबतात. त्यावर जांभळा शाम्पू कितीही चोळला तरी फरक पडत नाही. नारिंगी दाबायला निळा शाम्पू लागतो. मेंदीने लाल झालेल्या केसांवरही जांभळ्याचा उपयोग नाही.

कसा आणि किती वेळा वापरायचा?

केसाला तेल असेल तर आधी साध्या शाम्पूने धुऊन काढा, नाहीतर रंग एकसारखा बसत नाही. केस ओले असतानाच जांभळा शाम्पू सगळीकडे सारखा लावा. कोरड्या केसावर लावला तर जिथे पहिल्यांदा पडेल तिथे डाग धरतो. पहिल्या वेळी एक-दोन मिनिटांतच धुवा. केस वाळल्यावर उन्हाच्या उजेडात बघा, बल्बखाली पिवळेपणा नीट कळत नाही. अजून पिवळट वाटले तर पुढच्या आठवड्यात तीन मिनिटं ठेवा. आठवड्यातून एकदा पुरे, बाकीच्या वेळी साधा शाम्पू. हाताला रंग लागतो, म्हणून प्लास्टिकचे हातमोजे घाला.

गुरुजींचं काय चुकलं?

आमच्या भागातल्या एका निवृत्त गुरुजींचे केस पूर्ण पांढरे आहेत, पण पिवळट दिसायचे. नातीचा साखरपुडा तोंडावर आला म्हणून नातवाने शहरातून बाटली आणली. लवकर फरक पडावा म्हणून गुरुजींनी रोज लावला, तोही दहा-दहा मिनिटं. पाचव्या दिवशी कानाजवळचे केस वांग्याच्या फुलासारखे दिसू लागले. साखरपुड्याला चारच दिवस उरले होते.

कारण साधं होतं. रोजच्या रोज रंगावर रंग बसत गेला. त्यात कानाजवळचे केस जास्त पांढरे आणि रुक्ष, तिथे तो जास्त धरला. ब्लीच केलेल्या केसांची टोकंही अशीच कोरडी असतात, म्हणून पोरांच्या बाबतीत आधी टोकं जांभळी होतात.

उपाय सलूनवाल्यानेच सांगितला. जांभळा शाम्पू बंद आणि साध्या शाम्पूने केस धुणे सुरू. हा रंग केसाच्या आत फारसा जात नाही, त्यामुळे दर धुण्याला थोडा थोडा उतरतो. तिसऱ्या धुण्यानंतर गुरुजींचे केस परत पांढरे दिसू लागले. घाबरून वरून काळा डाय लावला असता तर काम वाढलं असतं.

पिवळेपणा परत का येतो?

ऊन, बिडी-सिगारेटचा धूर आणि बोअरचं लोहयुक्त पाणी, या तिन्हींनी पांढरे केस पिवळे पडतात. गुरुजींच्या बादलीला आतून तांबूस थर बसलेला असतो, तोच प्रकार केसावर होतो. शाम्पू हे झाकतो, काढत नाही. म्हणून शेवटचं पाणी तरी फिल्टरचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या आणि उन्हात जाताना टोपी-उपरणं ठेवा. मग जांभळा शाम्पू पंधरा दिवसांतून एकदाही पुरू शकतो.

एक काळजी घ्या. पहिल्यांदा वापरण्याआधी कानामागे थोडा लावून धुवा आणि दोन दिवस थांबा. खाज किंवा पुरळ आली तर वापरू नका. डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.