खऱ्या बटणाला फाइल माहीत असते

दहावीच्या परीक्षेआधी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक लिंक फिरते असं समजा. गणिताच्या सराव प्रश्नपत्रिकांची पीडीएफ आहे, ४८ एमबीची, आणि कुणीतरी ती मीडियाफायरवर ठेवली आहे. साइट खरी, लिंक खरी, फाइलही खरी. पण पान उघडलं की समोर एकाऐवजी चार बटणं दिसतात. वर हिरव्या पट्टीत ‘Start Download’, मधोमध निळं ‘Download (48MB)’, उजवीकडे ‘Your PDF is ready – Open’ आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘Continue’. यांतलं एकच आपल्या कामाचं आहे. उरलेली तीन जाहिराती आहेत आणि त्या मुद्दाम बटणासारख्या बनवलेल्या आहेत.

ओळखायचं कसं, हे रंग आणि आकार पाठ करून जमत नाही, कारण जाहिरातदार दोन्ही उचलतात. त्याऐवजी जाहिरात त्या पानावर येते कशी, हे एकदा समजून घ्यावं. फाइल ठेवणारी साइट स्वतःच्या पानावरचे काही चौकोन भाड्याने देते, जशी गणेशोत्सव मंडळं रस्त्यावरच्या कमानी देतात. आपण पान उघडतो त्या क्षणी, सेकंदाच्या काही अंशात, त्या चौकोनासाठी जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो आणि जो जिंकेल त्याचं चित्र दुसऱ्याच एखाद्या सर्व्हरवरून तिथे येऊन बसतं. आपण कोणत्या शहरात आहोत, विंडोज वापरतो की अँड्रॉइड, हे त्या जाहिरातदाराला बहुधा कळतं. पण त्या पानावर कोणती फाइल ठेवलेली आहे, ती किती मोठी आहे, हे त्याला सहसा माहीत नसतं. एकच जाहिरात हजारो पानांवर दाखवायची असल्यामुळे तिचा मजकूर कुठेही चालेल असा ठेवावा लागतो.

म्हणून तिच्यावर ‘Start Download’, ‘Free Download’, ‘Continue’ असे मोघम शब्द असतात. खरं बटण मात्र साइटने त्या एका फाइलसाठी तयार केलेलं असतं. मीडियाफायरच्या पानावर बटणाच्या आतच फाइलचा आकार लिहिलेला असतो आणि बटणाजवळ फाइलचं पूर्ण नाव दिसतं. आपल्या उदाहरणात ganit_sarav_10vi.pdf हे नाव आणि ४८ एमबी हा आकार फक्त मधल्या निळ्या बटणापाशी आहे. उजवीकडच्या बटणावर ‘PDF’ हा शब्द आहे खरा, पण कोणती पीडीएफ, हे ते सांगत नाही. पीडीएफ उघडणारं किंवा बदलून देणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची ही नेहमीची जाहिरात आहे. तुमची फाइल ‘तयार आहे’ हे वाक्य तर त्यांनी कुठलीही फाइल न पाहताच छापलेलं असतं.

तेव्हा पानावर आल्यावर बटण शोधू नका, आधी फाइलचं नाव शोधा. ते सापडलं की खरं बटण बहुतेक वेळा त्याच्या लगतच असतं.

दुसरी खूण चौकोनाच्या कोपऱ्यात मिळते. जाहिरातीच्या वरच्या कोपऱ्यात बहुधा एक बारीक निळा त्रिकोण किंवा फुली असते, क्वचित ‘Ad’ हा शब्द. फुली जाहिरात बंद करण्यासाठी असते, आणि साइट स्वतःच्या डाउनलोड बटणावर फुली कधी लावणार नाही. ही खूण इतकी लहान असते की मोबाइलवर नजरेतून सहज सुटते. बोटांनी पान थोडं मोठं करून पाहावं.

तरीही शंका उरली तर बटण कुठे नेतं ते दाबण्याआधी पाहता येतं. संगणकावर माउसचा बाण बटणावर नुसता नेऊन ठेवला, क्लिक केलं नाही, तर ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पत्ता उमटतो. मोबाइलवर बटण दाबून धरलं की छोटी यादी उघडते आणि तिच्यात पत्ता दिसतो. या पत्त्यात googleadservices.com किंवा doubleclick.net दिसलं तर ती जाहिरात, प्रश्नच संपला. ही दोन्ही नावं गूगलच्या जाहिरात यंत्रणेची आहेत. इतर जाहिरात कंपन्यांची नावं वेगळी असतील, पण ती तुम्ही उघडलेल्या साइटची नसतील, एवढं पुरे.

पत्ता वाचताना एक काळजी घ्यायची. https:// नंतर पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग पाहायचा आणि त्याचा शेवट पाहायचा. download1234.mediafire.com हा पत्ता मीडियाफायरचाच, कारण शेवट mediafire.com असा आहे. पण mediafire.com.get-file.example या पत्त्याचा मालक get-file.example आहे, पुढे लावलेलं ओळखीचं नाव कुणीही लावू शकतो.

या तपासणीला मर्यादा आहे. काही साइट्सवर खऱ्या बटणामागे सरळ लिंक नसते, क्लिक केल्यावर एक छोटा प्रोग्रॅम चालतो. तिथे बाण नेला तरी कोपऱ्यात काहीच उमटत नाही. शिवाय दिसणारा पत्ता क्लिकच्या क्षणी बदलणंही शक्य असतं. म्हणून जाहिरातीचा पत्ता दिसला तर तो नकाराचा पक्का पुरावा धरावा. काहीच न दिसणं हा मात्र कशाचाच पुरावा नाही. अशा वेळी पुन्हा फाइलच्या नावाकडे आणि आकाराकडे यावं.

आणखी एक प्रकार चांगल्या जाणकारांनाही गोंधळात टाकतो. बटण खरं असतं, पण पहिल्या क्लिकला नवीन टॅब उघडून भलतीच जाहिरात समोर येते. काही मोफत साइट्सनी पूर्ण पानावरचा पहिला क्लिक विकलेला असतो, कुठेही दाबलं तरी तो टॅब उघडतो. लोकांना वाटतं हीच पुढची पायरी आहे, आणि ते त्या नव्या टॅबमधलं ‘Download’ दाबतात. तो टॅब बंद करून मूळ पानावर यायचं आणि तेच बटण पुन्हा दाबायचं. अशा टॅबवर ‘पुढे जाण्यासाठी Allow दाबा’ अशी सूचना आली तर ती कधीही मान्य करू नये. ती परवानगी सूचना पाठवण्याची असते आणि नंतर ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असे खोटे इशारे दिवसभर येत राहतात. आधीच दिली गेली असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स उघडून ते नाव काढून टाकता येतं.

हा त्रास फक्त आडवळणाच्या साइट्सवर होतो असं नाही. सोर्सफोर्ज ही १९९९ साली सुरू झालेली साइट अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअर मिळवण्याचं सर्वांत मोठं ठिकाण होती. तिथे डाउनलोड सुरू होण्याआधी काही सेकंदांची उलटी मोजणी चाले, आणि त्याच पानावर हिरव्या ‘Download’ बटणाच्या जाहिराती येत. वाट पाहणारा माणूस घाईत असतो, समोर हिरवं बटण दिसलं की बोट तिकडे जातं. चित्रं संपादित करण्याचं गिंप हे मोफत सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये आपले विंडोजचे इन्स्टॉलर तिथून हलवले. त्यांनी जी कारणं जाहीरपणे दिली, त्यांत या फसव्या बटणांचा उल्लेख होता. दुसरं कारण सोर्सफोर्जने आणलेल्या नव्या इन्स्टॉलरचं होतं, जो मूळ सॉफ्टवेअरसोबत इतर कंपन्यांचे प्रोग्रॅम पुढे करत असे. २०१६ च्या सुरुवातीला साइटची मालकी बदलली आणि नव्या मालकांनी ती इन्स्टॉलर योजना बंद केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत गूगलनेही जाहीर केलं की फसवी डाउनलोड बटणं दाखवणाऱ्या पानांवर क्रोम लाल इशारा दाखवेल.

त्याने फरक पडला, पण प्रश्न मिटला नाही. जाहिरात दर वेळी लिलावातून येते. सकाळी स्वच्छ असलेलं पान दुपारी फसवं असू शकतं, आणि माझ्या स्क्रीनवर जे दिसतं ते तुमच्या स्क्रीनवर दिसेलच असं नाही. म्हणून ‘त्या पानावर दुसरं बटण दाब’ असा फोनवरून दिलेला सल्ला धोक्याचा ठरतो. सांगायचंच असेल तर ‘ज्याच्यावर ४८ एमबी लिहिलंय ते दाब’ असं सांगावं. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन टाकलं तर यांतली बरीच बटणं दिसतही नाहीत. ते मात्र ब्राउझरच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावं, कारण ‘Ad Blocker’ नावाच्याही जाहिराती असतात.

शेवटची आणि सर्वांत भरवशाची तपासणी फाइल उतरल्यानंतरची आहे. चुकीचं बटण दाबलं म्हणून लगेच अनर्थ होतो असं सहसा नसतं; खरा धोका उतरलेली वस्तू उघडण्यात, चालवण्यात असतो. आपल्याला हवी होती ganit_sarav_10vi.pdf. डाउनलोडच्या यादीत setup.exe, एखादी .msi किंवा मोबाइलवर .apk दिसली, तर ती न उघडता डिलीट करायची. प्रश्नपत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही.

इथे विंडोजची एक सवय आडवी येते. फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा तो मुळात लपवून ठेवतो. त्यामुळे ganit.pdf.exe ही फाइल स्क्रीनवर ganit.pdf अशी दिसते. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या View मेनूत Show, आणि त्यात File name extensions ही खूण एकदा लावून ठेवावी.

आकारही पाहावा. ४८ एमबीऐवजी दोन-तीन एमबीचं काही उतरलं असेल तर ती आपली फाइल नव्हे. मात्र थोडा फरक दिसला म्हणून घाबरू नये. काही साइट्स एक एमबी म्हणजे दहा लाख बाइट धरतात, विंडोज १०२४ गुणिले १०२४ धरतो. त्या हिशेबाने चार कोटी ऐंशी लाख बाइटची फाइल साइटवर ४८ एमबी आणि विंडोजवर ४५.७ एमबी अशी दिसते, आणि दोन्ही बरोबर असतात.

या सगळ्या तपासण्या नाव, प्रकार आणि आकार या तीन गोष्टींवर चालतात, आणि या तीन गोष्टी फाइल चढवणाऱ्याला आधीपासून माहीत असतात. ग्रुपवर नुसती लिंक टाकली तर त्या घेणाऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. तेव्हा शिक्षकांनो, मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, दिवाळी अंकाची पीडीएफ पाठवणाऱ्या मित्रांनो, पुढच्या वेळी लिंकखाली एक ओळ जरूर लिहा: ‘फाइलचं नाव ganit_sarav_10vi.pdf, आकार ४८ एमबी, दुसरं काही उतरलं तर उघडू नका.’