लाल टी-शर्ट आणि गेटवेचा दगड

गेटवे ऑफ इंडियासमोर रविवारी काढलेला आईबाबांचा फोटो. दोघंही छान हसतायत, पण बाबांच्या खांद्याला लागून मागे लाल टी-शर्टातला एक अनोळखी माणूस उभा आहे. त्याचं डोकं आणि छाती गेटवेच्या पिवळसर बेसॉल्टवर येतात, पाय फरशीवर, आणि सावली डावीकडे पसरलेली.

फोटोशॉपमध्ये त्याला काढलं, तरी त्याच्यामागचा खरा दगड परत मिळत नाही. कॅमेऱ्याने तो टिपलेलाच नसतो. फोटोतलेच इतर तुकडे उसने आणून जागा भरावी लागते.

२०१० सालच्या CS5 पासून मिळणारं कंटेंट-अवेअर फिल हे काम आपण होऊन करतं: भोकाच्या कडेशी जुळणारे छोटे तुकडे शोधून ते आत जोडत जातं. म्हणून त्या माणसाभोवती लॅसोने अगदी चिकटून रेघ मारू नये. लाल कडा बाहेर राहिली, तर तिच्याशी जुळणारं लालच आत भरलं जातं. चार-पाच पिक्सेल मोकळी जागा सोडावी; सावलीही आत घ्यावी, नाहीतर माणूस जातो आणि सावली उरते. मग Edit > Content-Aware Fill. पडद्यावर जो भाग हिरवा दिसतो, तिथून उसनवारी होणार असते. आईबाबा आणि बाकीची गर्दी ब्रशने त्या हिरव्यातून वगळली नाही, तर बाबांच्या शर्टाचा तुकडा भिंतीत उगवतो. उत्तर नव्या लेयरवर घ्यावं, म्हणजे मूळ फोटो शाबूत राहतो.

फरशी बहुतेक वेळा छान भरते. अडतं ते दगडांच्या सांध्यांपाशी. सरळ आडव्या रेघा मध्येच तुटतात, वाकतात, आणि गेटवेसारख्या बांधीव इमारतीत डोळा नेमका तिथेच जातो. इथे मला क्लोन स्टॅम्पचाच भरवसा वाटतो. आणखी एक रिकामा लेयर घ्यायचा, Sample मध्ये Current & Below निवडायचं, Aligned चालू ठेवायचं. जवळच्या शाबूत सांध्यावर बरोबर Alt दाबून क्लिक करायचं आणि त्याच सांध्याच्या तुटलेल्या टोकावर ब्रश टेकवून रेघ पुढे ओढायची. नमुना शक्यतो त्याच थरातल्या शेजारच्या दगडाचा घ्यावा. कमानीच्या सावलीतला दगड उन्हात बसवला की ठिगळ लगेच दिसतं. ब्रशची कडा फार मऊ असेल तर दगडाचा खरखरीतपणा धुरकट होतो. बाबांच्या खांद्यापाशी आधी खांदा सिलेक्ट करून ते सिलेक्शन उलटवावं, म्हणजे स्टॅम्प शर्टावर चढत नाही.

शेवटी फोटो लहान करून बघावा. एकच डाग दोनदा, एकच कबुतर दोनदा, असं काही असेल तर ते तेव्हा डोळ्यात भरतं. त्यातला एक डाग दुसऱ्या नमुन्याने झाकायचा.

मात्र त्या माणसाचा हात बाबांच्या हातावरच आला असेल, तर उसनं घ्यायला फोटोत काहीच नसतं. म्हणून गर्दीत मी जागेवरून न हलता काही सेकंदांच्या अंतराने तीन फोटो काढते. लाल टी-शर्टवाला तोवर दोन पावलं सरकलेला असतो. क्लोन स्टॅम्पला दुसऱ्या उघड्या फोटोतूनही नमुना घेता येतो, आणि मग त्या जागी खरा हात, खरा दगड येतो.