पडद्याचा भार कोण पेलतो?

दिवाळीच्या आधी आमच्या हॉलला नवे पडदे शिवून घेतले. जाड कापड, मागे ऊन अडवणारं अस्तर, सगळं मनासारखं. जुनाच रॉड होता, 19 मिलिमीटर जाडीचा, दोन टोकांना दोन ब्रॅकेट. पहिल्याच दिवशी रॉड मधे वाकलेला दिसला आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी डावीकडचं ब्रॅकेट प्लॅस्टरच्या खपलीसकट खाली आलं. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवसापासून मी दुकानात रॉडचा रंग बघायच्या आधी पडद्याचं वजन काढते.

हा हिशेब सोपा आहे. आमची खिडकी सहा फुटांची. पडदा बाजूला सारला की काचेवर येऊ नये, म्हणून रॉड दोन्हीकडे नऊ-नऊ इंच जास्त, म्हणजे साडेसात फूट किंवा 2.3 मीटर. रिंगच्या पडद्याला चुण्या नीट पडायच्या तर रुंदीच्या दुप्पट कापड लागतं. उंची सात फूट. वरची-खालची दुमड धरून साधारण 11 चौरस मीटर कापड झालं. कापडाचं वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, हे दुकानदाराला विचारता येतं. आमचं 300 ग्रॅमचं निघालं, म्हणजे 3.3 किलो. अस्तर 200 ग्रॅमचं, त्याचे आणखी दोन किलो. रिंगा धरल्या तर साडेपाच किलो. त्याच खिडकीला 80 ग्रॅमचा झिरझिरीत पडदा लावला असता तर तो एक किलोच्याही आत बसला असता. बारीक रॉड त्याच्यासाठी ठीक असतो.

आता हे साडेपाच किलो जातात कुठे? पडदा पूर्ण ओढलेला असतो तेव्हा वजन रॉडभर पसरतं आणि रॉड मधे वाकू पाहतो. हे वाकणं अंतराच्या चौथ्या घातानं वाढतं. म्हणजे दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं, तर वाकणं निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं. म्हणून मधला सपोर्ट लावणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय. जाडीचाही फायदा होतो: पत्रा तेवढाच जाड असेल, तर 25 मिलिमीटरचा रॉड 19 च्या रॉडपेक्षा दुपटीहून जास्त ताठ असतो. लांबी कमी-जास्त करता येणारे, एकात एक सरकणारे रॉड मात्र जड पडद्यांना घेऊ नका. आतली नळी बारीक असते आणि जोड नेमका मधे, सगळ्यात जास्त ताण येतो तिथेच येतो. घ्यायचाच झाला तर जोडाखाली सपोर्ट हवाच.

बऱ्याच जणांना वाटतं, मधला सपोर्ट नुसता मदतीला असतो. तसं नाही. अखंड रॉडला तीन आधार असले आणि पडदा ओढलेला असला, तर निम्म्याहून जास्त वजन मधल्यावर येतं. उलट सकाळी पडदे दोन्हीकडे सारले की सगळं वजन टोकांशी गोळा होतं, मधला मोकळा. रोज दोनदा भार असा जागा बदलतो, शिवाय हाताचा हिसका वेगळाच. त्यामुळे तिन्ही ब्रॅकेट सारख्याच काळजीनं बसवावी लागतात.

मधल्या सपोर्टची एक अडचण आहे. रिंगा त्याच्यावरून पलीकडे जात नाहीत. दोन पडदे मधोमध मिळत असतील तर काही बिघडत नाही, प्रत्येक पडदा आपल्या अर्ध्या भागात फिरतो. पण खिडकीशेजारी कपाट आहे, बाल्कनीचं दार आहे, आणि सगळा पडदा एकाच बाजूला सारायचा आहे, तर रॉडचा हट्ट सोडून ॲल्युमिनियमचा ट्रॅक घ्या. त्यात चाकं आतल्या खाचेत धावतात आणि आधार वरून किंवा मागून असतात, म्हणून दर दीड-दोन फुटांवर आधार देऊनही पडदा कुठे अडत नाही. जड पडद्याला, लांब खिडकीला आणि कोपऱ्यात वळणाऱ्या खिडकीला माझं मत ट्रॅकच्याच बाजूनं आहे. ट्रॅक दिसायला साधा असतो, हे खरं. आवडत नसेल तर समोर पेल्मेटची फळी लावता येते.

ब्रॅकेट निवडताना ते भिंतीपासून किती पुढे येतं, हे आवर्जून बघा. आमचं दहा सेंटिमीटर पुढे होतं आणि वरचा स्क्रू त्याच्या खालच्या कडेपासून जेमतेम तीन सेंटिमीटर वर. टोकाला पावणेतीन किलो लटकले की तरफेसारखा परिणाम होऊन वरच्या स्क्रूवर बाहेर ओढणारा जोर नऊ किलोंच्या घरात जातो. मागे जाळीचा आणि पुढे जाड, असे दोन पडदे लावायला डबल ब्रॅकेट घेतलं तर पुढचा रॉड आणखी लांब जातो आणि ओढ वाढते. म्हणून जड पडदा असेल तर उंच पाठीचं ब्रॅकेट घ्यावं, वरचा स्क्रू खालच्या कडेपासून जितका दूर तितकं चांगलं. खिडकीची झडप आत उघडत असेल तर ब्रॅकेट पुढे आणावंच लागतं. सरकत्या खिडकीला ती गरज नसते, तिथे रॉड भिंतीजवळ ठेवा.

शेवटी गाठ भिंतीशी. आमचं ब्रॅकेट पडलं ते स्क्रूमुळे. स्क्रू होता 25 मिलिमीटरचा, आणि भिंतीवरचं प्लॅस्टरच पंधरा-वीस मिलिमीटर जाड. गिट्टी विटेपर्यंत पोचलीच नव्हती, सगळा भार प्लॅस्टरच्या पापुद्र्यावर. आता 50 मिलिमीटरचे स्क्रू आणि 8 मिलिमीटरच्या गिट्ट्या आहेत. भोक पाडताना खाली पडणारी भुकटी बघत राहा. लाल भुकटी आली की विट लागली. करडी, आणि ड्रिल पुढे सरकायला तयार नाही, तर खिडकीवरचं काँक्रीटचं लिंटेल, तिथे हॅमर ड्रिलच चालतं आणि आधार भक्कम मिळतो. हातानं दाबल्याबरोबर ड्रिल आत शिरलं आणि फिकट भुसभुशीत भुकटी आली, तर नव्या इमारतींतले हलके ब्लॉक आहेत. त्यांत साधी गिट्टी फिरत राहते, त्या ब्लॉकसाठीच बनवलेली लांब गिट्टी आणावी लागते. एकाच रॉडला मधे काँक्रीट आणि टोकांना विट किंवा ब्लॉक असंही होतं, कारण लिंटेल खिडकीच्या बाहेर थोडंच जातं.

फॉल्स सीलिंगच्या जिप्सम बोर्डात मात्र ट्रॅक कधीही अडकवू नका. तो बोर्ड पडद्याचं वजन पेलण्यासाठी नसतो. सीलिंगचं काम चालू असतानाच खिडकीच्या ओळीत वर प्लायची पट्टी स्लॅबला पक्की करून घ्या आणि तिची जागा कागदावर मोजून ठेवा.

रॉड बसवायला माणूस येईल तेव्हा ब्रॅकेट भिंतीला लागायच्या आधी त्याच्या हातातला स्क्रू मागून घ्या आणि बोटाशी धरून बघा. बोटाच्या दोन पेरांएवढा तरी लांब नसेल, तर काम तिथेच थांबवायला सांगा.