माइकसमोर लोहाची गोष्ट

पोषणावरचं व्याख्यान वाचायला चांगलं असतं, पण तेच रेडिओवर वाचून दाखवलं की ऐकणाऱ्याचा हात बटणाकडे जातो. लोहाच्या कमतरतेवरच्या एका ठरीव व्याख्यानातलं हे वाक्य घ्या: ‘भारतीय आहारातील लोह प्रामुख्याने वनस्पतिजन्य असल्याने व चहातील टॅनिनमुळे त्याच्या शोषणात अडथळा येत असल्याने जेवणानंतर लगेच चहाचे सेवन टाळावे.’ यात चूक काहीच नाही. पण मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘टाळावे’पर्यंत पोहोचेस्तोवर टॅनिन कुणाचं, हे श्रोता विसरलेला असतो. छापील पानासारखं मागे जाऊन पुन्हा वाचायची सोय त्याच्याकडे नाही.

तेच रेडिओवर असं बोलता येईल: ‘जेवण झालं की लगेच चहा लागतो का तुम्हाला? मग थोडं थांबा. भाजी-भाकरीतलं लोह शरीरात मुळातच कमी जिरतं. वर चहा घेतला की आणखी कमी. तासाभरानं घ्या की! आणि जेवताना ताटात लिंबाची फोड असू द्या. आंबटातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त जिरतं.’ टॅनिन गेलं, सल्ला राहिला. सल्ला आधी आणि कारण मागून आलं, कारण ऐकणाऱ्याला आधी ‘मी काय करू’ हे हवं असतं. संहितासुद्धा ‘असे’, ‘केले’ अशी न लिहिता ‘असं’, ‘केलं’ अशीच लिहावी, नाहीतर वाचणारा नकळत पुस्तकी होतो.

आकड्यांचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रेडिओवर ‘निम्म्याहून जास्त बायका’ पुरे. पण रोजच्या २९ मिलिग्रॅम लोहाचं भाकऱ्यांमध्ये रूपांतर करायच्या मोहात पडू नये. बाजरीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे हिशेब सहा-सात भाकऱ्यांवर जातो आणि श्रोती हसून कामाला लागते. लोह डाळी, पालेभाज्या, अळीव अशा अनेक वाटांनी येतं, हे त्या गणितात हरवतं. तो आकडा मी सरळ गाळेन.

गप्पांच्या नादात अर्थ सैल होणं हा मात्र खरा धोका. ‘चहा प्यायलात की लोह वाया’ हे ऐकायला झकास, पण खोटं. ते कमी जिरतं, शून्य होत नाही. दर वाक्याला ‘बरं का’ जोडणं हाही गप्पांचा आभासच. दहा मिनिटांत दोन-तीनच मुद्दे मावतात, आणि चहाचा मुद्दा तर पुढे दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगावा लागतो, कारण कुणीतरी मधेच दूध उतू जाताना बघायला उठलेलं असतं.

गोळ्यांचं वाक्य मात्र हलकं करू नये. लोहाच्या गोळ्या किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, एवढं सरळ, सावकाश आणि दोनदा म्हणावं.