फाइल आली, पण पूर्ण आली का?

समजा, एका वाचनालयानं आपल्याकडच्या जुन्या दिवाळी अंकांची पानं स्कॅन करायला घेतली आहेत. स्कॅनर एका खोलीत आहे. तो प्रत्येक पानाचं जेपीईजी चित्र करून वायफायवरून दुसऱ्या खोलीतल्या संगणकाच्या एका फोल्डरात टाकतो. त्या संगणकावर टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते चित्रातली छापील मराठी अक्षरं ओळखतं आणि त्यांचा शोधता येण्याजोगा मजकूर करून देतं. एका पानासाठी द्यायची आज्ञा एवढीच:

```
tesseract pan_041.jpg pan_041 -l mar
```

दोनशे पानांच्या अंकासाठी ही आज्ञा कुणी दोनशे वेळा टाइप करणार नाही. म्हणून फोल्डरवर नजर ठेवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा: नवं पान आलं की टेसरॅक्ट चालवायचं आणि पुढच्या पानाची वाट बघायची. काम ऐकायला सोपं आहे. पण असे प्रोग्रॅम पहिल्या दिवशी व्यवस्थित चालतात आणि महिन्याभरानं कुणाच्या तरी लक्षात येतं की काही पानांचा मजकूर अर्ध्यावरच तुटला आहे. असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

नजर ठेवण्याचे दोन मार्ग

पहिला मार्ग पोलिंगचा. प्रोग्रॅम दर काही सेकंदांनी फोल्डरातल्या फाइलींची यादी मागवतो आणि मागच्या यादीशी ताडून बघतो. जे नाव मागच्या वेळी नव्हतं ती नवी फाइल. दर पाच सेकंदांनी यादी बघितली तर नवी फाइल लक्षात यायला फार तर पाच सेकंद उशीर होतो. पानं स्कॅन करण्याच्या कामात तेवढ्यानं काहीच बिघडत नाही. फोल्डरात काही शे फाइली असतील तर संगणकावर ताणही पडत नाही. लाखो फाइली आणि शेकडो उपफोल्डर असतील तर मात्र प्रत्येक फेरी जड होते.

दुसरा मार्ग वॉचरचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमलाच कळवायला सांगण्याचा. फाइल तयार करणं, तीत लिहिणं, तिचं नाव बदलणं हे सगळं शेवटी सिस्टीमच्या हातूनच होतं, त्यामुळे तिला ते आधीच ठाऊक असतं. लिनक्समध्ये यासाठी आयनोटिफाय ही सोय २००५ साली, कर्नलच्या २.६.१३ या आवृत्तीत आली. मॅक आणि विंडोज यांच्या सोयी वेगळ्या आहेत. पायथनमधली वॉचडॉग ही लायब्ररी या सगळ्यांवर एकच सारखं आवरण घालते, त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कुठल्या सिस्टीमवर आहोत याचा फारसा विचार करावा लागत नाही. इथे बातमी जवळजवळ त्याच क्षणी मिळते आणि एरवी प्रोग्रॅम शांत झोपून राहतो.

वरवर पाहता दुसरा मार्ग सरस वाटतो. पण तो वेगवान आहे, नेमकी हीच त्याची अडचण आहे.

त्या पाच सेकंदांत काय घडतं

एक पान बारकाईनं बघू. रंगीत पानाची जेपीईजी फाइल अडीच एमबीची आहे आणि भिंतीपलीकडून येणारं वायफाय सेकंदाला अर्धा एमबी वाहून नेतंय, असं धरा. म्हणजे पान पोहोचायला पाच सेकंद लागणार. पण फोल्डरात `pan_041.jpg` हे नाव पहिल्या क्षणीच उमटतं. त्या वेळी फाइलचा आकार शून्य असतो. सिस्टीम इमानदारीनं कळवते की नवी फाइल तयार झाली. प्रोग्रॅम लगेच ती टेसरॅक्टच्या हाती देतो. टेसरॅक्टला रिकामी फाइल मिळाली तर ते निदान चूक तरी दाखवतं.

खरा धोका फाइल अर्धी आलेली असताना असतो. जेपीईजी उघडणारी बरीच सॉफ्टवेअर अर्धवट चित्र नाकारत नाहीत. ती एक इशारा नोंदवतात, आलेला वरचा भाग दाखवतात आणि उरलेली जागा राखाडी रंगानं भरतात. अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं ते खालची बाजू कोरी असलेलं पान असतं. वरच्या वीस ओळींचा मजकूर तयार होतो, काम यशस्वी झालं अशी नोंद होते आणि पान मार्गी लागतं. उरलेल्या ओळी हरवल्याचं कुणालाच कळत नाही. पायथनची पिलो ही लायब्ररी या बाबतीत कडक आहे. अर्धवट चित्र वाचायला गेलं की ती `image file is truncated` असं सांगून थांबते. लॉगमध्ये हे वाक्य दिसलं तर फाइलमध्ये दोष आहे असं मानण्याआधी आपण घाई केली का, हे तपासावं.

मालाचा ट्रक फाटकाशी आला म्हणजे माल गोदामात उतरला असं होत नाही. फाइल आल्याची बातमी आणि फाइल पूर्ण झाल्याची बातमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पूर्ण झाली हे ओळखायचं कसं?

लिनक्सवर लिहिणाऱ्यानं फाइल बंद केल्याचीही बातमी मिळते. तयार झाल्याच्या बातमीऐवजी तिच्यावर काम सुरू करणं केव्हाही चांगलं. पण तिचा अर्थ लिहिणारा थांबला, एवढाच आहे. मध्येच वायफाय तुटलं तर अर्धी फाइलही बंद होतेच.

सर्वांत भक्कम उपाय पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे. आधी तात्पुरत्या नावानं किंवा वेगळ्या फोल्डरात सगळं लिहायचं आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्यायचं. एकाच डिस्कच्या एकाच विभागात नाव बदलणं ही अखंड क्रिया असते. बघणाऱ्याला फाइल एक तर दिसत नाही किंवा पूर्ण दिसते, मधली अवस्था नसतेच. डॅनियल बर्नस्टीन यांनी १९९०च्या दशकात क्यूमेल या ईमेल सर्व्हरसाठी मेलडिर ही रचना आखली ती याच तत्त्वावर. पत्र आधी `tmp` फोल्डरात पूर्ण लिहिलं जातं आणि मगच `new` मध्ये येतं. त्यामुळे `new` मध्ये दिसणारं पत्र अर्धवट नसतं. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. दोन्ही फोल्डर वेगवेगळ्या डिस्कवर असतील तर हलवणं म्हणजे प्रत्यक्षात कॉपी करणंच होतं आणि अखंडपणा संपतो.

आपल्या स्कॅनरला ही शिस्त शिकवता येत नसेल तर पोलिंगच कामी येतं. सलग दोन फेऱ्यांत आकार आणि बदलाची वेळ तीच राहिली तरच फाइल उचलायची:

```python
from pathlib import Path
import time

seen = {}
while True:
    for f in sorted(Path("inbox").glob("*.jpg")):
        st = f.stat()
        now = (st.st_size, st.st_mtime)
        if st.st_size > 0 and seen.get(f) == now:
            process(f)
            f.rename(Path("done") / f.name)
            seen.pop(f)
        else:
            seen[f] = now
    time.sleep(5)
```

यातली `process` म्हणजे टेसरॅक्ट चालवणारी आपली कृती. ही पद्धत बहुतेक वेळा पुरते, पण ती अंदाजाची आहे. वायफाय दहा सेकंद अडखळलं तर अर्धी फाइलही स्थिर दिसेल. विंडोजमध्ये फाइल कॉपी करताना अनेकदा पूर्ण आकाराची जागा आधीच राखून ठेवली जाते, त्यामुळे तिथे नुसता आकार काही सांगत नाही. म्हणून चित्राच्या आतही डोकवावं. जेपीईजीचा शेवट `FF D9` या दोन बाइटांनी होतो. ते शेवटी नसतील तर आणखी एक फेरी थांबावं.

न मिळालेल्या बातम्या

वॉचरची दुसरी मर्यादा लोकांना सहसा फार उशिरा कळते. आयनोटिफाय फक्त आपल्याच संगणकाच्या कर्नलमधून झालेले बदल सांगतं. फोल्डर आपल्याच डिस्कवर असेल आणि स्कॅनर त्यात नेटवर्कवरून लिहीत असेल तर अडचण नाही, कारण लिहिण्याचं काम आपलाच कर्नल करतो. पण फोल्डर नेटवर्कवरच्या वेगळ्या साठवण पेटीत असेल आणि आपण तो नुसता जोडून घेतला असेल, तर स्कॅनरनं तिथे टाकलेल्या फाइलीची बातमी आपल्यापर्यंत येतच नाही. चूक दाखवली जात नाही, प्रोग्रॅम चालू दिसतो आणि काम मात्र होत नाही. अशा ठिकाणी पोलिंगच करायला हवं. वॉचडॉगमध्ये त्यासाठी `PollingObserver` आहे.

शिवाय वीज गेली आणि प्रोग्रॅम दहा मिनिटं बंद राहिला, तर त्या काळात आलेल्या फाइलींची बातमी सुरू झाल्यावर कुणी देत नाही. बातम्यांच्या रांगेलाही मर्यादा आहे. लिनक्समध्ये ती सहसा १६,३८४ नोंदींची असते. एकदम हजारो फाइली ओतल्या आणि रांग भरली तर पुढच्या बातम्या टाकून दिल्या जातात. रांग ओसंडल्याची एक खूण तेवढी मिळते.

म्हणून वॉचरची बातमी हा फक्त इशारा मानावा. खरी स्थिती फोल्डरात असते. सुरू होताना एकदा पूर्ण फोल्डर बघावा, नंतर बातम्या ऐकाव्यात आणि दर काही मिनिटांनी पुन्हा एक पूर्ण फेरी मारावी. काम झालेली फाइल `done` मध्ये आणि बिघडलेली `failed` मध्ये हलवली की आवक फोल्डरात फक्त उरलेलं काम राहतं. कुठे थांबलो होतो, हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. वरच्या नमुन्यात `failed` ची सोय नाही. एका खराब पानावर तो अख्खा थांबेल. प्रत्यक्ष वापरात ती भर घालायलाच हवी.

नावांचीही काळजी घ्यावी लागते. स्कॅनर बंद करून सुरू केला की तो पुन्हा ००१ पासून मोजू लागला, असं होऊ शकतं. लिनक्सवर `done` मध्ये त्याच नावाची फाइल आधीच असेल तर वरचा `rename` न विचारता ती पुसून टाकतो. विंडोजवर तो चूक दाखवून थांबतो. हलवताना नावापुढे तारीख-वेळ जोडली की हा धोका टळतो.

असा प्रोग्रॅम कुणी लिहून दिला, तर वाचनालयाची पानं त्याच्या हवाली करण्याआधी तीन चाचण्या जरूर घ्या. पान येत असताना मध्येच वायफाय बंद करा. प्रोग्रॅम बंद ठेवून फोल्डरात दहा फाइली टाका आणि मग तो सुरू करा. एकाच नावाची दोन वेगळी पानं पाठोपाठ पाठवा. अर्धं पान बाजूला ठेवलं गेलं, दहाही फाइलींचा मजकूर तयार झाला आणि दोन्ही पानं शाबूत राहिली, तरच त्याच्यावर विसंबून मूळ अंक पुन्हा कपाटात ठेवा.