कट मारल्यावर ‘टक्’ वाजतंय? आधी Z दाबा

समजा, दुकानाच्या व्हिडिओत तुम्ही म्हणालात, “ही तूरडाळ, अं..., आपल्या अमळनेरचीच.” मधला ‘अं’ कापला, आणि नेमकं तिथेच ‘टक्’ वाजलं. माईक बदलायची घाई करू नका. आवाज म्हणजे शून्याच्या रेषेच्या वर-खाली जाणारी लाट. डावीकडची लाट वर असताना तुटली आणि उजवीकडची खालून सुरू झाली, की स्पीकरला एकदम उडी मारावी लागते. तेच हे ‘टक्’.

ऑडॅसिटीत ‘अं’ सिलेक्ट करा आणि डिलीट करण्याआधी Z दाबा. सिलेक्शनची दोन्ही टोकं जवळच्या शून्यावर सरकतात. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं.

कधी मात्र एकीकडची लाट चढती आणि दुसरीकडची उतरती असते. मग दोन्ही टोकं शून्यावर असूनही सांध्यात बारीक टोचणी राहते. अशा वेळी सांध्यावर Ctrl+I ने तुकडे करा, दोन्हीकडचे 5-5 मिलिसेकंद सिलेक्ट करा आणि इफेक्टमधून Crossfade Clips लावा. एक आवाज उतरतो, तेवढ्यातच दुसरा चढतो. 50 पर्यंत ताणलंत तर मात्र ‘डाळ’ आणि ‘आपल्या’ एकमेकांत मिसळतील.

हेडफोन लावून, एक सेकंद आधीपासून ऐका. ‘ट’, ‘प’ यांचा स्वतःचाच ठोका असतो, त्याला क्लिक समजून कापू नका.